रिटायरमेंटला किती पैसे लागतील? ३४ वर्षांच्या माणसाचा हिशोब, वही घेऊन

दिवाळीत मावसभाऊ घरी आला होता. वय ३४, जळगावच्या एमआयडीसीत नोकरी, बायको ३१ ची, मुलगी पाच वर्षांची. फराळ झाला, मुलं फटाके उडवायला गेली आणि हा मला हळूच म्हणतो, दादा मोबाईलवर एका कॅल्क्युलेटरमध्ये आकडे टाकले तर साडेसात कोटी लागतील म्हणून आलं, हे खरं का रे? मी म्हटलं तू त्यात टाकलं काय ते सांग आधी. तर त्याने घराचा सगळा महिन्याचा खर्च जसाच्या तसा टाकलेला, घराच्या कर्जाचा हप्ता आणि पोरीच्या शाळेची फी सुद्धा. म्हणजे वयाच्या ८५ व्या वर्षी पण हा पोरीची फी भरणार आणि ईएमआय फेडणार असं कॅल्क्युलेटरने धरलं. मग आम्ही ओसरीवर वही घेऊन बसलो आणि पहिल्यापासून मांडलं. तेच इथे लिहितोय, कारण तिशीतल्या बऱ्याच जणांची गाडी याच जागी अडते, एकतर आकडा बघून घाबरून सोडून देतात नाहीतर "शेत शे ना भो" म्हणून विषय संपवतात.

पहिली पायरी: म्हातारपणी कोणता खर्च सोबत येणार

पगारावरून हिशोब करायचा नाही, खर्चावरून करायचा. भावाच्या घरी महिन्याला पगार हातात येतो ५८ हजार आणि खर्च होतो ४६ हजार. हे ४६ त्याने अंदाजाने सांगितलेले नव्हते, वहिनी दोन वर्षांपासून वहीत लिहिते म्हणून माहीत होते. तुमच्याकडे अशी वही नसेल तर बँकेचं स्टेटमेंट आणि यूपीआयची हिस्ट्री काढून सहा महिन्यांची सरासरी घ्या, एका महिन्यावर जाऊ नका, आणि वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे गाडीचा विमा, घरपट्टी, लग्नाकार्यातला आहेर, हे बाराने भागून त्यात मिळवा. हेच खर्च लोक विसरतात आणि तिथेच तीन-चार हजार गळतात.

आता त्या ४६ मधून काय जाणार ते बघू. घराचा हप्ता ११ हजार, तो १६ वर्षांत संपेल. शाळा आणि ट्यूशन ५ हजार, जाणार. कंपनीत जायच्या यायच्या पेट्रोलचे २ हजार जाणार. पोरीचे कपडे, सायकल, वाढदिवस असं बाकीचं मिळून ३ हजार, तेही जाणार. उरले २५ हजार. पण आता वाढणारे पण बघायचे. आज मेडिक्लेम कंपनी भरते, रिटायर झाल्यावर तो स्वतःला घ्यावा लागेल आणि बीपी शुगरच्या गोळ्या सुरू होतील, त्याचे आजच्या भावाने ४ हजार धरले. घराची डागडुजी, मोटर बिघडणे, गच्चीला वॉटरप्रूफिंग, याचे महिन्याला १ हजार. झाले ३० हजार.

म्हणजे दोघांना आजच्या भावात महिन्याला ३० हजार लागतील, आकडा कमी वाटतो पण आज ते खरंच तेवढ्यात राहतात, बाकी सगळं हप्ता आणि पोरीचं आहे. तुमचा आकडा वेगळा येईल. भाड्याच्या घरात असाल आणि पुढेही घर घ्यायचा विचार नसेल तर भाडं यातच ठेवा, ते काढू नका.

दुसरी पायरी: महागाई

माझ्या वडिलांची १९९८ ची एक वही अजून कपाटात आहे, लाल पुठ्ठ्याची, त्यात दूध १२ रुपये लिटर लिहिलंय. आज आमच्या गल्लीत ६० रुपये देतो. सत्तावीस वर्षांत पाच पट झालं, आणि त्याचा वर्षाचा दर काढला तर साधारण सहा टक्के येतो. ही वही मी भावाला दाखवली तेव्हा त्याला महागाई म्हणजे काय ते जेवढं कळलं तेवढं कुठल्याच आलेखाने कळलं नसतं. तुमच्याही घरात आई-वडिलांच्या अशा वह्या असतील, काढून बघा.

रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के आहे, त्यात दोन टक्के इकडे तिकडे चालतं, म्हणजे २ ते ६. पण २०१० च्या आसपास सलग काही वर्षं ती दहाच्या जवळ होती, ते विसरून चालत नाही. म्हणून पंचवीस-तीस वर्षांच्या हिशोबाला मी ६ धरतो. चार धरून आकडा छोटा करायचा मोह होतो, तो करू नका, का ते पुढे कळेल.

तोंडी हिशोबाची युक्ती अशी की ७२ ला महागाईच्या दराने भागायचं. ७२ भागिले ६ म्हणजे १२, दर बारा वर्षांनी खर्च दुप्पट. भावाला साठ व्हायला २६ वर्षं आहेत. बारा वर्षांनी ३० चे ६०, चोवीस वर्षांनी १ लाख २० हजार, आणि उरलेल्या दोन वर्षांत थोडं अजून. बरोबर आकडा मोबाईलवरच्या शीटमध्ये असा काढता येतो:

```
=30000*1.06^26
```

उत्तर येतं १,३६,४८१. म्हणजे साठीला महिन्याला १ लाख ३६ हजार, वर्षाला साधारण १६ लाख ३८ हजार. वहिनी म्हणाली, एवढं कोण खाणार. पण यात चैन एक पैशाची वाढलेली नाही, तीच भाकरी, तेच वांग्याचं भरीत, तेच दूध, फक्त २६ वर्षांनंतरच्या भावात.

इथे एक गोष्ट अजून बघून घ्या. तुमच्या कंपनीत रिटायरमेंट ६० ला आहे की ५८ ला, हे अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघा. बऱ्याच खाजगी कंपन्यांत ५८ आहे. दोन वर्षं कमी कमवायची आणि दोन वर्षं जास्त बसून खायचं असा दुहेरी फरक पडतो. भावाच्या लेटरमध्ये ६० आहे म्हणून मी २६ वर्षं धरली.

तिसरी पायरी: किती वर्षं पुरायला हवं, आणि कोणाला

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे होते. लोक म्हणतात सरासरी आयुष्य सत्तर, मग साठ नंतर दहा वर्षांची सोय बास. पण तो सत्तरचा आकडा जन्मापासूनचा आहे, त्यात लहानपणी गेलेली बाळं आणि तरुणपणी अपघातात गेलेले पण मोजलेले असतात. जो माणूस साठीपर्यंत धडधाकट पोचला त्याला पुढे सरासरी सतरा-अठरा वर्षं मिळतात, आणि सरासरी म्हटल्यावर खूप जण त्याच्याही पुढे जातात. तुमच्या गावात ओट्यावर बसलेल्या नव्वदीच्या आज्या मोजा एकदा, आमच्या गल्लीतच तीन आहेत.

आणि आज्या म्हटलं ते मुद्दाम. बायका सहसा नवऱ्यापेक्षा जास्त जगतात आणि आपल्याकडे बायको वयानेही लहान असते. म्हणून हिशोब नवऱ्याच्या वयावर नाही तर दोघांतल्या लहान माणसाच्या वयावर थांबवायचा. भाऊ साठचा होईल तेव्हा वहिनी ५७ ची असेल, ती नव्वदीपर्यंत जगेल असं धरलं तर पैसा ३३ वर्षं पुरला पाहिजे. नुसतं त्याचं वय धरून ८० पर्यंत मांडलं असतं तर २० च वर्षं आली असती, म्हणजे वहिनीच्या शेवटच्या तेरा वर्षांची काहीच सोय नाही.

हे मी घरात बघितलंय म्हणून जोर देऊन लिहितो. अमळनेरला माझी आत्या आहे, फुवाजी रिटायर झाले तेव्हा जे मिळालं ते त्यांनी महिन्याला व्याज मिळेल असं ठेवलं, त्या वेळेस ते व्याज घरखर्चाला पुरून थोडं उरायचं. फुवाजी ७२ ला गेले. आत्या आता ८१ ची आहे. व्याज तेवढंच आहे, किंबहुना मधे दर कमी झाले तेव्हा ते थोडं घटलं, आणि किराणा, औषधं, कामवाली बाई सगळं वाढलं. ती कोणाला काही म्हणत नाही पण औषधाच्या दुकानात दहा गोळ्यांच्या ऐवजी पाच द्या म्हणते, हे मी स्वतः उभं राहून ऐकलंय. फुवाजींनी पैसे उडवले नव्हते, फक्त पहिल्या दिवशी पुरतंय म्हणजे कायम पुरेल असं धरलं.

चौथी पायरी: एकूण रक्कम

आता साठीला वर्षाला १६ लाख ३८ हजार लागणार आणि ३३ वर्षं लागणार. सगळ्यात सोपा हिशोब असा की उरलेल्या पैशाला जे व्याज मिळेल ते कर भरून महागाईएवढंच आहे असं धरा, मग वाढ आणि महागाई एकमेकांना कापतात आणि नुसता गुणाकार उरतो. १६.३८ गुणिले ३३, म्हणजे साधारण ५ कोटी ४० लाख. कागदावर करायचं असेल तर एवढंच पुरे, आणि हा हिशोब सावध बाजूचा आहे.

थोडं बारीक करायचं असेल तर रिटायर झाल्यावर पैसा कर जाऊन ७ टक्क्यांनी वाढेल आणि महागाई ६ राहील असं धरू. सगळे पैसे एफडीत ठेवले तर कर कापून सात टिकवणं अवघड आहे, थोडा भाग इक्विटीत ठेवला तर जमतं, म्हणून मी त्याच्या वर जात नाही. शीटमध्ये असं लिहायचं:

```
=PV(1.07/1.06-1, 33, -136481*12, 0, 1)
```

शेवटचा १ म्हणजे वर्षाचे पैसे वर्षाच्या सुरुवातीला काढणार. उत्तर ४ कोटी ६७ लाख. म्हणजे पहिल्या वर्षाच्या खर्चाच्या साडेअठ्ठावीस पट. इंटरनेटवर २५ पट हा आकडा खूप फिरतो, तो अमेरिकेतल्या विल्यम बेंगेन नावाच्या सल्लागाराच्या १९९४ च्या अभ्यासावरून आलाय, तिकडच्या शेअर आणि बॉन्डच्या जुन्या आकड्यांवर आणि तीस वर्षांसाठी केलेला. आपली महागाई वेगळी, आपली वर्षं ३३, त्यामुळे २५ पट जसंच्या तसं उचलू नका.

यात दवाखान्याचं मोठं संकट धरलेलं नाही. मेडिक्लेम असला तरी त्यात न बसणारे खर्च असतात, घरी ठेवलेली नर्स, डायपर, दर महिन्याला नाशिक किंवा मुंबईची फेरी. त्यासाठी आजच्या भावातले ५ लाख वेगळे धरले, आणि दवाखाना किराण्यापेक्षा जोरात महाग होतो म्हणून त्याला ८ टक्के लावले, २६ वर्षांनी ते ३७ लाख होतात. एकूण झाले ५ कोटी ४ लाख.

पाच कोटी ऐकून भाऊ गप्प झाला. म्हणून त्याला तीच रक्कम आजच्या रुपयात सांगितली. महागाईच्या साडेचार पटीने भागलं तर ते आजचे साधारण १ कोटी १० लाख आहेत. जळगावात बऱ्या वस्तीत घर आणि रस्त्यालगतचा एक प्लॉट असं मिळून आज जे होतं त्या मापाची रक्कम आहे. मोठी आहेच, पण डोक्यात मावते.

कोणता अंदाज चुकला तर किती महागात पडतं

हा भाग घाईत वाचू नका, मला सगळ्यात महत्त्वाचा हाच वाटतो. ४ कोटी ६७ लाख हा आकडा तीन अंदाजांवर उभा आहे, त्यातला ७ टक्के वाढीचा तसाच ठेवून बाकीचे दोन एकेक करून हलवून बघितले.

आधी आयुष्य हलवलं. वहिनी ९० ऐवजी ८० पर्यंतच असं धरलं तर ३ कोटी ४० लाख लागतात. ९५ पर्यंत धरलं तर ५ कोटी २६ लाख. म्हणजे नव्वदच्या पुढच्या पाच वर्षांचा खर्च ५९ लाख.

मग महागाई हलवली, वर्षं ३३ च ठेवून. ६ ऐवजी ५ धरली तर ३ कोटी १७ लाख, आणि ७ धरली तर ६ कोटी ९० लाख. फक्त एक टक्का वाढल्याने सव्वादोन कोटी जास्त. कारण महागाई दोनदा मारते, आधी साठीपर्यंतचा खर्च फुगवते आणि मग साठी नंतर उरलेल्या पैशाची वाढ खाऊन टाकते.

म्हणून माझं म्हणणं असं की आयुष्य लांब धरायला कंजुषी करू नका, पाच वर्षं जास्त धरणं तुलनेने स्वस्त आहे. आणि महागाईचा दर मात्र विचार करून धरा आणि दर काही वर्षांनी तपासा, कारण खरा धोका तिथे आहे. बरेच लोक उलटं करतात, किती जगू यावर तासभर बोलतात आणि महागाईच्या रकान्यात कॅल्क्युलेटरने आधीच भरलेला आकडा तसाच ठेवतात.

पाचवी पायरी: जे आधीच जमतंय ते वजा करा

भावाच्या पीएफच्या पासबुकात ५ लाख आहेत. बेसिक २० हजार, त्यावर त्याचे १२ टक्के म्हणजे २,४००. कंपनीचे पण २,४००, पण त्यातले १,२५० पेन्शन स्कीमकडे जातात म्हणून पीएफमध्ये १,१५० पडतात. म्हणजे महिन्याला ३,५५०. पगार वर्षाला ६ टक्के वाढेल आणि पीएफला साडेसात टक्के मिळतील असं धरलं, सध्या सव्वाआठ मिळतात पण २६ वर्षं तेच राहतील असं कोणी सांगू शकत नाही. साठीला साधारण ९० लाख होतात. अट एकच, नोकरी बदलताना पीएफ काढायचा नाही, ट्रान्सफर करायचा. लग्नाला, बाईकला म्हणून पीएफ काढणारे मी खूप बघितलेत, आणि तिशीत काढलेला एक लाख हा या दराने साठीच्या साडेसहा लाखांएवढा असतो.

पीएफची जी पेन्शन येते तिचं काय, असं वहिनीने विचारलं. तिचं सूत्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७० असं आहे, आणि पगार कितीही असला तरी साधारणपणे १५ हजारच धरला जातो, म्हणून ३५ वर्षं भरून सुद्धा ७,५०० बसते. ती महागाईप्रमाणे वाढत नाही आणि नवरा गेल्यावर बायकोला निम्मी मिळते. साठीच्या १ लाख ३६ हजारांपुढे ७,५०० म्हणजे वीज आणि गॅसचं बिल, म्हणून मी ती हिशोबात धरलीच नाही, आली तर बरंच.

आता शेत. मावशीचं चोपड्याकडे तीन एकर आहे, त्यातलं दीड भावाच्या वाट्याला येईल. शेत असेल तर त्याची बाजारातली किंमत धरू नका, कारण तुम्ही सत्तरीत ते विकणार आहात का हे स्वतःला खरं विचारा, बहुतेक घरांत ते विकायचा विषय पण निघत नाही. त्याऐवजी मक्त्याने किंवा बटाईने दिलं तर वर्षाला हातात किती येतं तेवढंच धरा, आणि पाऊस नसलेलं एखादं वर्ष मधे घालून सरासरी काढा. घरी बसून केळीचं शेत बघणं सत्तरीत जमत नाही, कंद लावण्यापासून ट्रकला घड चढेपर्यंत माणूस उभा पाहिजे. भावाच्या बाबतीत वाटणी पण झालेली नाही, म्हणून शून्य धरलं. सोन्याचं पण तसंच. अंगावरचं सोनं हिशोबात घेऊ नका, ते मोडायची वेळ आली तर घरात रडारड होते. गुंतवणूक म्हणून वेगळं घेतलेलं असेल तरच मोजा.

५ कोटी ४ लाखातून ९० लाख गेले, राहिले ४ कोटी १४ लाख.

सहावी पायरी: महिन्याला किती

हे ४ कोटी १४ लाख इक्विटी जास्त असलेल्या म्युच्युअल फंडाच्या एसआयपीतून जमवायचे म्हटले आणि वर्षाला सरासरी १० टक्के धरले. जाहिरातीत १२ असतात, मी १० च्या वर धरत नाही, कारण खर्च आणि कर त्यातूनच जातो आणि शेवटच्या काही वर्षांत पैसा सावध जागी हलवावा लागतो. २६ वर्षं एकच रक्कम भरायची तर महिन्याला ३० हजार लागतात. भावाकडे उरतात १२. इथे बहुतेक जण वही मिटतात.

पण पगार वाढतो तशी एसआयपी पण वाढवायची असते. दरवर्षी ८ टक्के वाढवत नेली तर सुरुवात १४,५०० पासून करून भागतं. शीटमध्ये:

```
=41400000*(0.10-0.08)/(12.64*(1.10^26-1.08^26))
```

यातला १२.६४ म्हणजे महिन्याला एक रुपया भरला तर वर्षाच्या शेवटी १० टक्क्यांनी जे १२ रुपये ६४ पैसे होतात ते. पगार ६ टक्क्यांनी वाढतो आणि एसआयपी ८ ने, हे कसं जमणार? आज हा हप्ता पगाराच्या चौथ्या भागाएवढा आहे, शेवटी शेवटी चाळीस टक्क्यांपर्यंत जातो. तोपर्यंत घराचा हप्ता संपलेला असतो, पोरीचं शिक्षण झालेलं असतं, म्हणून जमतं. पण त्याच काळात पोरीच्या लग्नाला याच पैशाला हात लावला तर सगळा हिशोब कोसळतो, लग्नाचं वेगळं खातं हवं.

भावाला १४,५०० नाही जमत, १२ हजार जमतात. मग १२ हजार आणि ८ टक्के वाढ धरून बघितलं, ३ कोटी ४३ लाख होतात. पन्नाशीला ईएमआय संपल्यावर तेच ११ हजार दहा वर्षं जास्तीचे टाकले तर अजून २२ लाख. तरी ४९ लाख कमी. ही तूट भरायला साधारण वर्ष-दीड वर्ष जास्त काम करावं लागेल, कारण त्या वर्षात पैसा काढला जात नाही, वाढतो, आणि पुरवायची वर्षं कमी होतात. भावाने वहीत लिहिलं: ६१ पर्यंत काम. त्याला ते चाललं. तुम्हाला नसेल चालत तर खर्चाचा आकडा परत बघा किंवा पहिल्या दोन-तीन वर्षांत हप्ता जास्त वाढवा, पण १२ टक्के परतावा धरून तूट मिटवू नका, तूट कागदावरची मिटते फक्त. नुसते १० चे १२ केले की तोच हप्ता १४,५०० वरून ११,१०० दिसायला लागतो, म्हणून तर हे आकडे गोड लागतात.

आणि हेच काम चाळीशीला सुरू केलं तर? तेवढ्याच रकमेसाठी हप्ता ३१,७०० पासून सुरू होतो. १४,५०० ने ३४ ला सुरू करणाऱ्याचा हप्ता चाळीशीत वाढून २३ हजार झालेला असतो.

हा हिशोब कुठे फसतो

सरासरी १० टक्के म्हणजे दरवर्षी १० नाही. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो निम्म्याच्याही खाली आला. तुम्ही ३८ चे असताना असं झालं तर एसआयपी चालू ठेवायची, पुढे वेळ आहे. पण रिटायर व्हायच्या वर्षीच झालं आणि सगळा पैसा इक्विटीत असला तर तुम्ही पडलेल्या भावात विकून घरखर्च चालवता आणि तो पैसा परत उभा राहत नाही. म्हणून ५५ च्या पुढे दरवर्षी थोडं थोडं काढून पहिल्या पाच वर्षांचा खर्च एफडीत, आणि साठी झाल्यावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेसारख्या ठिकाणी, आणून ठेवायचा. त्या योजनेत सध्या एका माणसाला ३० लाखांची मर्यादा आहे आणि दर तीन महिन्यांनी व्याज मिळतं.

चुकतंय का हे कळायला दरवर्षी दोन आकडे वहीत लिहायचे. एक, पीएफ आणि एसआयपी मिळून किती झाले. भावाने १२ हजाराने सुरुवात केली आणि सगळं अंदाजाप्रमाणे चाललं तर ३९ व्या वर्षी दोन्ही मिळून २० ते २१ लाख दिसायला हवेत. बाजार पडलेला असेल तर थोडे कमी दिसतील, पण १३-१४ च दिसले तर हप्ता वाढवायचा राहिला किंवा मधे पैसे काढले गेले, ते शोधायचं. दुसरा, ते ३० हजाराचं सामान आज किती रुपयांत येतं. सहा टक्क्यांनी पाच वर्षांत ते ४० हजार व्हायला हवं. वहीत ४५ निघाले तर तुमच्या घराची महागाई आठच्या वर चालली आहे, किंवा राहणी वाढली आहे, कोणतं ते वहीत दिसतंच, आणि मग पहिल्या पायरीपासून परत मांडायचं.

वहिनीने त्या दिवशी जुन्या वहीच्या मागच्या पानावर तारीख टाकून लिहून ठेवलं, पीएफ ५ लाख, खर्च ३० हजार, दूध ६० रुपये. पुढच्या दिवाळीला त्याच्या खालची ओळ भरायची आहे.